भागीदारीत शिरण्याआधी करारपत्र शेवटून वाचा

चालू फर्ममध्ये नवा भागीदार घेताना त्याच्यापुढे बहुतेक वेळा चार-पाच पानांचं करारपत्र येतं. मुद्रांकाचा कागद, सगळ्यांची नावं, 'नव्या भागीदाराचा हिस्सा २० टक्के' असं ठळक अक्षरात, आणि शेवटच्या पानावर एक वाक्य: 'मूळ करारातील उर्वरित सर्व अटी कायम राहतील.' नवा माणूस २० टक्के वाचतो आणि सही करतो. त्या 'उर्वरित अटी' ज्या करारात आहेत तो पंधरा-वीस वर्षांपूर्वी झालेला असतो आणि त्याने तो कधी पाहिलेलाही नसतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे मूळ करारापासून आजवरची सगळी करारपत्रं, सगळ्या पुरवण्यांसकट, मागून घेणं. सोबत शेवटच्या तीन वर्षांचे ताळेबंद आणि भागीदारांच्या खात्यांचे उतारे घ्या. ताळेबंद शेजारी नसेल तर करारातल्या निम्म्या वाक्यांचा अर्थच लागत नाही. जुना करार सापडत नाही असं सांगण्यात आलं, तर पुरवणीवर सही करू नका. सगळ्या अटी नव्याने लिहिलेलं एकच पूर्ण करारपत्र मागा. टंकलेखनाचा खर्च थोडा वाढेल, एवढंच.

माझी वाचायची पद्धत उलटी आहे. मी आधी निवृत्तीचं कलम वाचतो, मग भांडवलाचं आणि शेवटी नफ्याचं. आत येताना तुमच्या हिश्शाची किंमत ज्या मापाने लावली, बाहेर पडताना त्याच मापाने लावणार आहेत का, हा खरा प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर निवृत्तीच्या कलमात असतं. समजायला मात्र आकडे नफ्यापासून घ्यावे लागतात. म्हणून इथे त्या क्रमाने जाऊ.

उदाहरणाला एक फर्म घेऊ. भोसरीत शीट मेटलचं फॅब्रिकेशन, दोन भाऊ भागीदार. थोरल्यांचं भांडवल ३० लाख, धाकट्यांचं २० लाख, नफ्याचं प्रमाण ६०:४०. तुम्ही तिथेच पर्यवेक्षक आहात, पगार महिना ३० हजार. तुम्ही १५ लाख आणायचे, त्यातले १० लाख भांडवल आणि ५ लाख ख्यातीचे, म्हणजे गुडविलचे, आणि बदल्यात २० टक्के हिस्सा. जुन्यांनी आपापल्या प्रमाणात हिस्सा सोडला तर नवं प्रमाण ४८:३२:२० होतं. थोरल्यांनी १२ टक्के सोडले, धाकट्यांनी ८. म्हणून ख्यातीचे ५ लाखही त्यांच्यात ३ लाख आणि २ लाख असेच वाटले जातात.

वीस टक्के, पण कशाचे?

फर्मचा वर्षाचा नफा, घसारा वगैरे सगळं वजा जाऊन पण भागीदारांना काही देण्याआधी, २४ लाख आहे असं धरा. तुमच्या डोक्यात हिशेब असतो की २४ चे २० टक्के म्हणजे ४ लाख ८० हजार, शिवाय पगार वेगळा. करारातलं कलम मात्र साधारण असं असतं: 'भांडवलावरील द.सा.द.शे. १२ टक्के व्याज व भागीदारांचे मानधन वजा करून उरलेला निव्वळ नफा वा तोटा पुढील प्रमाणात वाटला जाईल.'

या वाक्यातला 'उरलेला' हा शब्द अधोरेखित करा आणि कागदावर हिशेब मांडा. व्याज आधी. ३० लाखांवर ३.६० लाख, २० लाखांवर २.४० लाख, तुमच्या १० लाखांवर १.२० लाख, एकूण ७.२० लाख. उरले १६.८० लाख. मग मानधन. भावांना महिना ३५ हजार प्रत्येकी, तुम्हाला २५ हजार, वर्षाचे मिळून ११.४० लाख. उरले ५.४० लाख. त्यावर फर्मला ३० टक्के कर आणि करावर ४ टक्के उपकर, म्हणजे सुमारे १.६९ लाख. राहिले ३.७१ लाख आणि त्यातले तुमचे २० टक्के म्हणजे ७४ हजारांच्या आसपास.

तुमच्या हातात एकूण व्याज १.२० लाख, मानधन ३ लाख आणि नफा ७४ हजार, मिळून ४.९४ लाख. नोकरीतच राहून ३.६० लाख पगार घेतला असता आणि १५ लाख ७ टक्क्यांच्या मुदत ठेवीत टाकले असते, तर कर धरण्याआधी ४.६५ लाख मिळाले असते. भागीदार झाल्याचा वरकड फायदा वर्षाला तीस हजारांच्याही आत आणि त्यासाठी फर्मच्या सगळ्या देण्यांना तुमचं घरदार जबाबदार. भागीदारी कायदा १९३२ च्या कलम २५ नुसार तुम्ही भागीदार असताना फर्मने केलेल्या व्यवहारांची जबाबदारी प्रत्येक भागीदारावर एकत्रित आणि स्वतंत्र अशी दोन्ही असते. तुमचा हिस्सा २० टक्के असला तरी धनको पूर्ण रक्कम एकट्या तुमच्याकडून मागू शकतो.

याचा अर्थ सौदा वाईट आहे असा नाही. फर्म वाढणार असेल तर पुढची सगळी वाढ या 'उरलेल्या' नफ्यात येते आणि तिथे तुमचे २० टक्के पूर्ण लागू होतात. पण हा हिशेब तुम्ही स्वतः मांडलेला असायला हवा, २४ लाखांचा नाही.

आता तोच हिशेब वाईट वर्षाला लावा. नफा १० लाखांवर आला. व्याज ७.२० लाख गेलं, उरले २.८० लाख. करारात मानधन 'नफा असो वा नसो' द्यायचं असं असेल तर ११.४० लाख जातात आणि ८.६० लाखांचा तोटा उभा राहतो. त्यातले १.७२ लाख तुमच्या नावे. तुम्हाला वर्षाचे २.४८ लाख पडले, म्हणजे पूर्वीच्या पगारापेक्षा कमी. फर्मने बाहेर दहा लाख कमावलेले असताना पुस्तकात तोटा दिसतो तो असा.

म्हणून या कलमात तीन गोष्टी शोधा. पहिली, व्याज आणि मानधन नफा असेल तरच की नसतानाही. कायद्याचा मूळ नियम असा की करारात काही नसेल तर भागीदाराला मानधन नाही, आणि करारात भांडवलावर व्याज द्यायचं ठरलं असलं तरी ते नफ्यातूनच द्यायचं. 'नफा असो वा नसो' हे चार शब्द हा नियम उलटवतात. दुसरी, तोट्याचं प्रमाण लिहिलं आहे का. नफ्याचं प्रमाण लिहिलेलं असलं की तोटाही त्याच प्रमाणात धरला जातो, पण काहीच लिहिलेलं नसेल तर कलम १३ नुसार नफा-तोटा समसमान वाटला जातो, मग भांडवल कुणाचं कितीही असो. नव्या माणसाने पहिल्या दोन वर्षांचा तोटा सोसायचा नाही अशी अट मागता येते. ती आपसात चालते, बाहेरच्या धनकोला मात्र ती अडवत नाही.

तिसरी गोष्ट मानधनाच्या आकड्याची. आयकरात फर्मला मानधनाची वजावट एका मर्यादेपर्यंतच मिळते. व्याज वजा केल्यानंतरच्या पुस्तकी नफ्यातल्या पहिल्या ६ लाखांवर ९० टक्के किंवा ३ लाख, यातलं जे जास्त ते, आणि त्यावरच्या नफ्यावर ६० टक्के. आपल्या चांगल्या वर्षात १६.८० लाखांवर ही मर्यादा ११.८८ लाख येते, म्हणजे ११.४० लाख बसतात. भावांनी उद्या आपलं मानधन दहा-दहा हजारांनी वाढवलं की ते मर्यादेबाहेर जाईल. जादा रकमेवर फर्म कर भरेल आणि तो कर तुमच्याही हिश्शातून जाईल. म्हणून 'मानधनात वेळोवेळी परस्परसंमतीने बदल करता येईल' यातलं 'परस्परसंमतीने' म्हणजे सगळ्यांच्या लेखी संमतीने असं स्पष्ट करून घ्या. कित्येक करारांत हा अधिकार 'व्यवस्थापकीय भागीदारा'कडे असतो.

वर्षाच्या मधे शिरत असाल तर तारीख बघा. १ ऑक्टोबरपासून भागीदार झालात तर त्या वर्षाचा नफा दिवसांच्या प्रमाणात तोडणार की ३० सप्टेंबरला हिशेब काढून? फॅब्रिकेशनमध्ये मोठी बिलं मार्चमध्ये निघतात, त्यामुळे दोन्हींत बराच फरक पडतो. मी नेहमी ३० सप्टेंबरचा ताळेबंद मागायला सांगतो. त्या दिवशीचा माल, येणी आणि देणी त्यावर सगळ्यांच्या सहीने पक्की होतात आणि पुढच्या बऱ्याच प्रश्नांना तोच कागद उत्तर ठरतो.

आणि नफा खात्यावर जमा होणं म्हणजे हातात येणं नव्हे. तो ग्राहकांकडच्या येण्यात अडकलेला असतो. दरमहा उचल किती घेता येईल, तिचा आकडा करारात असला पाहिजे. 'थोरल्या भागीदाराच्या संमतीने उचल घेता येईल' असं असेल तर तुमचा नफा पुस्तकात वाढत राहतो आणि घर तुम्ही बायकोच्या पगारावर चालवता. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला दिलेलं मानधन आणि व्याज वर्षाला २० हजारांवर गेलं की फर्मला १० टक्के टीडीएस कापावा लागतो, तोही मासिक गणितात धरा. नफ्याच्या हिश्शावर तुम्हाला वेगळा कर नाही, कारण तो फर्मने आधीच भरलेला असतो.

समोरच्यांचं भांडवल कुठून आलं?

तुमचे १० लाख बँकेतून आले. थोरल्यांचे ३० लाख कुठून आले, हे विचारायला संकोच वाटतो, पण उत्तर भांडवल खात्याच्या उताऱ्यात असतंच. वर्षानुवर्षं न उचललेला नफा असेल तर ते खरे पैसे आहेत. पण प्रवेशाच्या आदल्या महिन्यात एकच मोठी नोंद पडलेली असेल, 'पुनर्मूल्यांकनाने जमा', तर थांबा.

आपल्या फर्मचा गाळा पुस्तकात १८ लाखांना आहे आणि बाजारभाव ९० लाख आहे असं समजा. ही ७२ लाखांची वाढ तुमच्या येण्याआधीची आहे, त्यामुळे ती भावांची असणं न्याय्य आहे. ती त्यांच्या खात्यांवर ६०:४० ने जमा केली तर थोरल्यांचं भांडवल ७३.२० लाख होतं आणि धाकट्यांचं ४८.८० लाख. इथवर ठीक. पण भांडवलावर १२ टक्के व्याजाचं कलम तसंच राहिलं तर? तुमच्यासकट भांडवल १ कोटी ३२ लाख, व्याज १५.८४ लाख. २४ लाखांच्या नफ्यातून व्याज आणि मानधन गेलं की ३.२४ लाखांचा तोटा येतो आणि फर्मचा कर न धरताही त्यातले ६५ हजार तुमच्या नावे पडतात. भावांनी एक रुपयाही नवा आणलेला नाही. मी हे जाणूनबुजून केलेलं फार कमी पाहिलं आहे. बहुतेकदा एका हाताने पुनर्मूल्यांकनाची नोंद होते, दुसऱ्या हाताने जुनं व्याजाचं कलम नव्या करारात उतरतं आणि दोन्ही एकत्र कुणी वाचत नाही.

यावर साधा उपाय आहे. एकतर गाळा पुस्तकात १८ लाखांनाच ठेवायचा आणि करारात लिहायचं की प्रवेशाच्या तारखेला गाळ्याचं मूल्य ९० लाख मानलं आहे, तोवरची वाढ जुन्या भागीदारांची, नंतरची सगळ्यांची नव्या प्रमाणात. किंवा पुनर्मूल्यांकन करायचं, पण व्याज फक्त रोख आणलेल्या भांडवलावर आणि न उचललेल्या नफ्यावर द्यायचं. पहिला मार्ग मला जास्त आवडतो, कारण कागद कमी लागतात.

त्याआधी मात्र गाळा फर्मच्या नावावर आहे का हे बघा. ताळेबंदात दिसतो म्हणजे फर्मचा, असं धरू नका. खरेदीखत किंवा भाडेपट्टा थोरल्यांच्या वैयक्तिक नावावर असतो आणि फर्म नुसतं वीजबिल भरत असते, असं पुष्कळ ठिकाणी आढळतं. फर्मच्या पैशाने घेतलेली मालमत्ता कायद्याने सहसा फर्मचीच मानली जाते, पण ते सिद्ध करत बसण्यापेक्षा करारालाच मालमत्तेची यादी जोडून घ्या. जागा एमआयडीसीची असेल तर भागीदार बदलल्यावर त्यांची परवानगी आणि शुल्क लागतं का, हेही त्यांच्या कार्यालयात आधी विचारून घ्या आणि तो खर्च कुणाचा ते करारात ठरवा.

ख्यातीचे ५ लाख कुठे गेले तेही करारात दिसलं पाहिजे. तोंडी ठरलेली ख्याती हमखास विसरली जाते. पूर्ण १५ लाख बँकेतून फर्मच्या खात्यावर द्या आणि करारात असं वाक्य घाला: 'नव्या भागीदाराने दिलेल्या १५ लाखांपैकी १० लाख त्याच्या भांडवल खात्यावर जमा व ५ लाख ख्यातीपोटी जुन्या भागीदारांच्या खात्यांवर ३:२ प्रमाणात जमा. यानुसार प्रवेशाच्या वेळी फर्मची एकूण ख्याती २५ लाख मानण्यात आली आहे.' शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. २० टक्क्यांना ५ लाख म्हणजे पूर्ण फर्मच्या ख्यातीचे २५ लाख, आणि बाहेर पडताना तुम्हाला याच आकड्याचा आधार लागणार आहे. काही जण ख्यातीचे पैसे रोखीने, परस्पर मागतात. तसे दिलेत तर निवृत्तीच्या वेळी ते कधी दिलेच नव्हते असं धरून चाला.

भांडवलाच्या कलमात अजून एक वाक्य असतं: 'व्यवसायाच्या गरजेनुसार भागीदारांनी अधिक भांडवल आणावे.' गरज कोण ठरवणार, कुणी किती आणायचं, आणि एखाद्याने नाही आणलं तर त्याचा हिस्सा कमी होणार का? भाऊ २० लाखांची मशीन घ्यायचं ठरवतात आणि तुमच्याकडे ४ लाख मागतात, अशा वेळी हे वाक्य उघडलं जातं. 'जादा रक्कम ज्याने आणली ती त्याचे कर्ज मानली जाईल, तिच्यावर ठरलेले व्याज मिळेल, नफ्याचे प्रमाण सर्वांच्या लेखी संमतीशिवाय बदलणार नाही' असं लिहून घेतलं की प्रश्न सुटतो. भागीदाराने भांडवलाव्यतिरिक्त दिलेल्या पैशावर करारात दर नसेल तर कायदा ६ टक्के देतो, आणि फर्म मोडली तर बाहेरची देणी फिटल्यानंतर आधी भागीदारांची अशी कर्जं आणि मगच भांडवल परत मिळतं. तुमची रक्कम कर्ज आहे की भांडवल, याला त्या दिवशी फार महत्त्व येतं.

बाहेर पडताना हातात काय?

निवृत्तीचं कलम साधारण असं असतं: 'निवृत्त होणाऱ्या भागीदारास शेवटच्या लेखापरीक्षित ताळेबंदानुसार त्याच्या भांडवल खात्यावरील शिल्लक देण्यात येईल. ख्याती किंवा मालमत्तेच्या वाढीव मूल्यावर त्याचा हक्क राहणार नाही.' वाचायला निरुपद्रवी वाटतं. आता आकडे घाला.

पाच वर्षांनी तुम्ही निघता. चालू खात्याचा हिशेब वेगळा मिटला, भांडवल खात्यावर १० लाख आहेत. गाळा आता १ कोटी २० लाखांचा, म्हणजे तुमच्या काळातली वाढ ३० लाख. धंदा वाढला आणि प्रवेशाच्या वेळच्याच पद्धतीने ख्याती ३५ लाख येते. वरच्या कलमाप्रमाणे तुम्हाला १० लाख मिळतात. प्रवेशाचं माप लावलं तर १० लाख भांडवल, गाळ्याच्या वाढीचे २० टक्के म्हणजे ६ लाख, ख्यातीचे २० टक्के म्हणजे ७ लाख, एकूण २३ लाख. फरक १३ लाखांचा. आणि त्यात तुम्ही आत येताना दिलेले ५ लाखही बुडालेले आहेत. येताना ख्याती होती, जाताना नव्हती.

वाटाघाटीत मी एवढंच म्हणायला सांगतो: 'येताना ख्याती घ्या आणि जाताना द्या, नाहीतर येतानाही घेऊ नका.' भाऊ दुसरा पर्याय निवडतात तेव्हाही वाईट नाही. ५ लाख वाचले, बाहेर पडताना पुस्तकी रक्कम, हिशेब स्वच्छ.

पहिला पर्याय ठरला तर मोजण्याची रीत करारातच लिहा. 'योग्य मूल्यांकन' या शब्दांवर समाधान मानू नका. ख्याती म्हणजे गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याची किती पट, त्यात भागीदारांचं मानधन वजा करायचं की नाही, गाळ्याचं मूल्य सरकारी वार्षिक मूल्य दरतक्त्याने की दोन्ही बाजूंनी मिळून नेमलेल्या मूल्यांककाकडून, हे सगळं दोन ओळींत बसतं. येतानाचे २५ लाख ज्या रीतीने काढले तीच लिहा. ती रीत सांगताच येत नसेल, तर ते २५ लाख अंदाजाने ठोकले होते हे लगेच उघड होतं आणि बोलणी तिथून सुरू करता येतात. आणखी एक, भांडवल खात्यावरच्या शिलकीपेक्षा जास्त रक्कम निवृत्त भागीदाराला दिली तर त्यावर फर्मला कर बसू शकतो. तो कर फर्मने सोसायचा की तुमच्या रकमेतून कापायचा, हे लिहिलेलं नसेल तर १३ लाखांतले काही त्यात जातील.

मग देण्याची मुदत. 'फर्मच्या सोयीनुसार' असं असेल तर खोडा. वर्षाच्या आत चार हप्ते, थकलेल्या रकमेवर १२ टक्के व्याज, असं काहीतरी ठोस हवं. कायद्याचं कलम ३७ इथे तुमच्या बाजूचं आहे. हिशेब न मिटवता बाकीच्यांनी धंदा चालू ठेवला तर निवृत्त भागीदाराला आपल्या रकमेच्या वापरातून झालेल्या नफ्याचा वाटा किंवा ६ टक्के व्याज, यातलं एक निवडता येतं. पण हे कलम 'विरुद्ध करार नसेल तर' लागू होतं. 'निवृत्तीनंतर कोणत्याही रकमेवर व्याज अगर नफा देय नाही' हे वाक्य तोच विरुद्ध करार आहे.

निघण्याचा हक्क आहे का, हेही तपासा. भागीदारीला मुदत ठरलेली नसेल आणि ती कशी संपेल याचीही तरतूद करारात नसेल, तर ती ऐच्छिक भागीदारी ठरते आणि बाकी सगळ्यांना लेखी नोटीस देऊन निवृत्त होता येतं. पण करारात 'सर्व भागीदारांच्या संमतीनेच निवृत्त होता येईल' असं असेल, तर दोन्ही भाऊ होकार देईपर्यंत तुम्ही आतच. तीन महिन्यांची लेखी नोटीस पुरेशी, असं करून घ्या. उलट बाजूही वाचा. दोन भावांनी बहुमताने तुम्हाला काढून टाकण्याचा अधिकार करारात आहे का? कलम ३३ नुसार असा अधिकार करारात दिलेला असावा लागतो आणि तो सद्भावनेने वापरावा लागतो. तो असलाच तर काढल्यावर मिळणारी रक्कम निवृत्तीएवढीच असली पाहिजे, कमी नाही. नंतर तसाच धंदा न करण्याची अट असेल तर मुदत आणि परिसर बघा. कलम ३६ वाजवी बंधन मान्य करतं, आणि तुमचं हातातलं काम तेच असल्यामुळे 'पुणे जिल्ह्यात पाच वर्षे' म्हणजे पाच वर्षं नोकरीच.

मृत्यूच्या कलमात तुमच्या वारसांना मिळणारी रक्कम निवृत्तीच्याच मापाने लिहून घ्या.

बँक आणि निबंधक

हा भाग करारात फारसा नसतो, पण निवृत्तीचं कलम खरं ठरतं ते इथेच. कलम ३१ नुसार तुमच्या येण्याआधीच्या व्यवहारांची जबाबदारी तुमच्यावर येत नाही. पण फर्मचं कॅश क्रेडिट खातं चालू असेल तर भागीदार बदलल्यावर बँक तुम्हाला बोलावते आणि नव्या कागदांवर, जामिनासह, सह्या घेते. त्या सहीने जुनं कर्ज तुम्ही स्वतःहून अंगावर घेता. म्हणून भागीदारीच्या करारावर सही करण्याआधी बँकेचे कागद मागून वाचा. प्रवेशाच्या तारखेची थकबाकी करारात आकड्याने लिहा आणि आधीच्या देण्यांची, जीएसटी वा आयकराच्या मागील वर्षांच्या नोटिसांसह, भरपाई जुने भागीदार करतील असं कलम घाला.

बाहेर पडताना उलट. आपसातल्या करारात 'सर्व देणी राहिलेले भागीदार फेडतील' असं असलं तरी बँकेला ते बांधील नाही. बँकेने तुम्हाला जामिनातून मुक्त केल्याचं पत्र हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता झाला असं मानू नका, आणि हे पत्र मिळवून देण्याची जबाबदारी राहिलेल्यांची, असं निवृत्तीच्या कलमात लिहा. निवृत्तीची जाहीर सूचनाही लागते. नोंदलेल्या फर्मच्या बाबतीत ती फर्मची नोंदणी करणाऱ्या निबंधकांकडे, राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या स्थानिक भाषेतल्या एका वृत्तपत्रात द्यायची. ती होईपर्यंत फर्मच्या नव्या देण्यांसाठीही तुम्ही बाहेरच्यांच्या दृष्टीने भागीदारच असता.

शेवटी फर्म निबंधकांकडे नोंदलेली आहे का आणि नोंदवहीत तुमचं नाव चढलं का, ते बघा. कलम ६९ नुसार फर्म नोंदलेली नसेल किंवा नोंदवहीत भागीदार म्हणून तुमचं नाव नसेल, तर करारातल्या हक्कासाठी फर्मवर किंवा इतर भागीदारांवर दावा करता येत नाही. चर्चा करून मिळवलेले ते १३ लाख मग नुसते कागदावर राहतात. भागीदार बदलाची सूचना भागीदारांनी दाखल करायची असते, आणि सगळे कामात असल्यामुळे ती मागे पडते. करारात तीस दिवसांची मुदत घाला. मुदत संपली की निबंधक कार्यालयातून नोंदवहीचा उतारा स्वतः काढा. उताऱ्यात नाव दिसलं की तो आणि १५ लाख दिल्याचा बँकेचा पुरावा एकाच फाइलमध्ये लावा, आणि ती फाइल फर्मच्या कपाटात नाही, घरी ठेवा.